डोंबिवली ते बीकेसी: व्हेरियन्सचा हिशोब, माझा अनुभव

ऑफिसला साडेनऊचं पंचिंग, त्यामुळे घरून नक्की किती वाजता निघायचं हे मला एकदा नीट हिशोब करून ठरवायचं होतं. मग रोजचे टायमिंग दोन भागांत लिहायला लागलो. घर ते कुर्ला लोकलने, आणि कुर्ला ते बीकेसी बसने, रांगेतला वेळ धरून. लोकलची सरासरी आली ५० मिनिटं, आणि एसडी, म्हणजे वेळ सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होते ते माप, ६. बसची सरासरी २५, एसडी ८.

सरासरी सरळ मिळवायची, ७५, त्यात काही प्रश्नच नाही. पण एसडी ६ + ८ = १४ नाही होत. व्हेरियन्स, म्हणजे एसडीचे वर्ग, मिळवायचे, ३६ + ६४ = १००, आणि त्याचं वर्गमूळ १०. म्हणजे दोन एसडीचं मार्जिन ठेवलं तर २८ नाही, २० मिनिटं पुरतात, आठ मिनिटांचा फरक पडला, सकाळी तेवढ्यात आधीची एक लोकल येते.

हे असं का, तर एखाद्या दिवशी लोकल सरासरीपेक्षा a मिनिटं आणि बस b मिनिटं इकडेतिकडे झाली तर एकूण फरक a + b, आणि त्याचा वर्ग a² + b² + 2ab. आता लोकल आणि बसचा एकमेकांशी काही संबंध नसेल तर लोकल लेट असताना बस कधी लेट असते कधी लवकर, म्हणून ab कधी प्लस कधी मायनस, आणि बऱ्याच दिवसांची सरासरी काढली की ते शून्याजवळ येतं. उरतात फक्त दोन वर्ग, आणि त्यांची सरासरी म्हणजेच व्हेरियन्स. १४ यायला लोकल आणि बस रोज एकाच प्रमाणात लेट किंवा लवकर व्हायला हव्यात, आणि तसं होत नाही.

पण जुलैत हाच हिशोब चालेना. एसडी वाढून ९ आणि १२ झाल्या होत्या, म्हणजे ८१ + १४४ = २२५, एकूण एसडी १५ यायला हवी, पण रोजच्या एकूण वेळेवरून थेट काढली तर १८! व्हेरियन्स ३२४. मधले ९९ कुठून आले? तेच 2ab, त्याची सरासरी आता शून्याजवळ येत नाही, आणि ती म्हणजे दुप्पट कोव्हेरियन्स, कारण जोराचा पाऊस लागला की रुळांवर पाणी साचतं आणि त्याच वेळी रस्ताही तुंबतो, दोन्ही एकत्रच लेट. त्यामुळे माझं मत असं की सुट्या भागांचे व्हेरियन्स मिळवायचे आणि एकूण वेळेचाही थेट काढून बघायचा, दोन्हीत मोठी तफावत दिसली की भाग स्वतंत्र नाहीत हे कळतं.

ऑफिसातला एक मित्र वसईहून येतो, त्याची एकूण एसडी कोरड्या दिवसांत साधारण ७.५. आम्हा दोघांच्या वेळेतला फरक काढला तरी व्हेरियन्स वजा होत नाहीत, मिळवलेच जातात, कारण वजा करणं म्हणजे −१ ने गुणून मिळवणं, आणि −१ चा वर्ग १ च: १०० + ५६.२५ = १५६.२५, एसडी १२.५. पावसात मात्र तो आणि मी एकाच दिवशी अडकतो, आणि वजाबाकीत तो 2ab वजा चिन्हाने येतो, त्यामुळे तेव्हा फरकाचा व्हेरियन्स दोघांच्या बेरजेपेक्षा कमी भरतो.