आमची वाटचाल: भाजणीच्या पिशवीवरचे नाव

मिरजेच्या बाजारपेठेत माझ्या वडिलांनी १९७८ साली दुकान सुरू केले, तेव्हा पाटीवर देवाचे नाव आणि त्याखाली 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी' एवढेच लिहिले होते, आणि पुढची चाळीस वर्षे त्याहून जास्त काही लिहावे असे आम्हाला कधी वाटले नाही. गेल्या दिवाळीआधी मात्र घरच्या थालीपीठ भाजणीच्या पिशवीवर नाव छापायचे मी ठरवले आणि दुकानाचे हिशेब पाहणाऱ्या माझ्या पुतण्याने त्याला ठाम विरोध केला.

"काका, एवढ्याशा दुकानाला ब्रँड कशाला हवा?" तो म्हणाला. "लोक येतात ते तुमच्या मापावर आणि तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून. तूरडाळीच्या पोत्यावर गिरणीचा छाप असतो, तो तरी कोण वाचतो?"

"डाळीपुरते तुझे बरोबर आहे," मी म्हणालो. "डाळ गिऱ्हाईक हातात घेऊन बघते, दाणा चावून बघते. भाजणी हे पीठ आहे. त्यातली बाजरी दळून किती दिवस झाले, हे बघून कळत नाही."

हे मी अनुभवाने बोलत होतो. बाजरीत तेलाचा अंश बराच असल्यामुळे तिचे पीठ लवकर खवट होते, आणि भाजल्याने ते थोडे जास्त टिकत असले तरी भाजणीत सर्वांत आधी बिघडते ती बाजरीच. दोन वर्षांपूर्वी श्रावणात गिरणीतून आलेले पीठ गरम असतानाच आम्ही घाईने पिशव्यांत भरले. आतून वाफ धरली, गुठळ्या झाल्या, आणि दहा-बारा दिवसांनी एका ताईंनी पिशवी परत आणून माझ्यासमोर उघडली, तेव्हा भाजलेल्या धण्याच्या वासाऐवजी जुन्या तेलासारखा वास आला. फळीवर अर्ध्या किलोच्या चाळीस पिशव्या होत्या, दोन वेगवेगळ्या खेपांच्या, पण सगळ्या सारख्याच कोऱ्या. कोणती कधीची हे सांगता येईना, म्हणून वीस किलो भाजणी टाकून द्यावी लागली. त्याहून वाईट म्हणजे त्यातल्या काही पिशव्या लेकीसुनांबरोबर पुण्याला गेल्या होत्या, आणि ती भाजणी कोणाची हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते.

"मग तारीख टाका," पुतण्या म्हणाला. "तारीख म्हणजे ब्रँड नव्हे."

त्याचा हा मुद्दा मला विचार करायला लावणारा होता. परंतु बांधलेल्या पिशवीवर कायद्याने नुसती तारीख चालत नाही. भरणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, तक्रारीसाठी फोन आणि खाद्य परवान्याचा १४ अंकी क्रमांक हेही द्यावे लागते. म्हणजे नाव येणारच होते. ते लक्षात राहील असे असावे की नाही, एवढाच प्रश्न उरला.

"आणि कर?" त्याने विचारले. "ब्रँड लावला की जीएसटी लागतो."

"तसे पूर्वी होते," मी सांगितले. १८ जुलै २०२२ पासून डाळी-पिठांसाठी तो नियम बदलला. २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या पिशवीवर ब्रँड असो वा नसो, ५ टक्के कर लागतो. पोत्यातून गिऱ्हाइकासमोर मोजून दिलेल्या डाळीवर तो लागत नाही. हे ऐकून पुतण्याने लगेच आपला हिशेब मांडला: डाळ, तांदूळ, रवा यांच्या पिशव्या मुळीच बांधू नयेत, ते सुटेच विकावेत. तो हिशेब मला पटला आणि आम्ही तसेच ठेवले आहे.

नावाच्या बाबतीतही त्याचेच डोळे उघडे निघाले. पाटीवरचे देवाचे नाव घेऊन आमच्याच भागात अनेक दुकाने आहेत, त्यामुळे त्यावर एकट्याचा हक्क सांगणे अवघड. आणि 'थालीपीठ भाजणी' हे तर मालाचेच वर्णन आहे, त्याची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी होत नाही. शेवटी गल्लीतले लोक माझ्या आईला ज्या नावाने हाक मारत, ते आम्ही घेतले. ट्रेडमार्कच्या नोंदणीत मालाचे वर्ग पाडलेले असतात, त्यात पिठे आणि मसाले ३० व्या वर्गात येतात. एका व्यक्तीच्या नावे ऑनलाइन अर्जाला ४,५०० रुपये शुल्क आहे, आणि तपासणीनंतर नाव प्रसिद्ध झाले की हरकतींसाठी चार महिने असतात. पुतण्याचे म्हणणे असे की वर्षभर विक्री बघून मगच अर्ज करावा. मला ते धोक्याचे वाटते, कारण तोवर दुसरा कोणी तेच नाव घेऊ शकतो; हा वाद अजून मिटलेला नाही.

दळून आणलेले पीठ आता आम्ही सुती कापडावर पसरून पूर्ण गार करतो, बाजरीचे प्रमाण निम्मे केले आहे आणि प्रत्येक पिशवीवर दळणाच्या तारखेचा शिक्का मारतो. प्रत्येक खेपेतली एक पिशवी वरच्या फळीवर राखून ठेवलेली असते. पंधराव्या दिवशी पुतण्या ती स्वतः उघडतो, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवतो, आणि कडवट लागले तर त्या तारखेच्या उरलेल्या पिशव्या मला न विचारता खाली उतरवतो.