मशीन विकली, ब्लॉक संपला आणि नफा दोनदा लागला

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, जॉबवर्कचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये जुनी व्हीएमसी मिलिंग मशीन साडेपाच लाखांना विकली. गिऱ्हाईक पटकन मिळालं, पैसे आले, तो भाग सोडा.

जुलैमध्ये रिटर्न भरायच्या वेळी खरी डोकेदुखी सुरू झाली. टॅक्सवाल्यांच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, "काका, पुस्तकात मशीनची किंमत १,४०,०००, दलाली आणि क्रेनचे १०,००० गेले, म्हणजे नफा ४,००,०००." मी म्हटलं, अरे पण टॅक्ससाठी एकेक मशीन धरत नाहीत ना, १५ टक्के घसाऱ्याच्या सगळ्या मशिनरीचा मिळून एक ब्लॉक असतो! माझ्या ब्लॉकची १ एप्रिल २०२३ ची किंमत होती ३,२०,०००, त्यात लेथ आणि ड्रिलसुद्धा आले. विक्रीतून खर्च वजा जाता ५,४०,०००, त्यातून ३,२०,००० गेले की उरले २,२०,०००. तेवढाच नफा, आणि कलम ५० प्रमाणे तो शॉर्ट टर्म कॅपिटल गेन. मशीन नऊ वर्षं वापरली तरी शॉर्ट टर्मच, आणि टॅक्स आपल्या स्लॅबने.

तीन चकरा मारल्यावर त्याने २,२०,००० टाकले. मी खूश. सबमिट करायच्या आधी सहज ड्राफ्ट बघितला तर एकूण उत्पन्न भलतंच फुगलेलं, कारण प्रॉफिट अँड लॉसमधले ४,००,००० तसेच धंद्याच्या उत्पन्नात बसलेले आणि वर २,२०,००० कॅपिटल गेनमध्ये! ITR-3 फॉर्ममध्ये धंद्याच्या उत्पन्नाचं जे Schedule BP असतं, त्यात दुसऱ्या हेडखाली जाणारं उत्पन्न वजा करायची जागा आहे, तिथे कॅपिटल गेन्सच्या ओळीत पुस्तकातले पूर्ण ४,००,००० टाकावे लागतात, २,२०,००० नाही. हे समजवायला आणखी एक दुपार गेली, मोठ्या साहेबांनी शेवटी दोन मिनिटांत केलं.

हां, अजून एक, ब्लॉक शून्यावर आला की त्या वर्षी घसारा काहीच मिळत नाही, लेथ रोज चालत असली तरी. याउलट मशीन तीन लाखांना गेली असती तर नफाच निघाला नसता, ब्लॉकची किंमत फक्त खाली आली असती.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: मी दुसरी सेकंडहँड मशीन एप्रिल २०२४ मध्ये घेतली, अडीच लाखांची. तीच मार्चमध्ये घेतली असती तर तिची किंमत त्याच ब्लॉकमध्ये मिळून ५,७०,००० झाले असते, म्हणजे विक्रीपेक्षा जास्त, आणि कॅपिटल गेन शून्य. विकणारा मार्चमध्येच फोन करत होता, मीच म्हटलं, इयर एंडिंग होऊ दे मग बघू.