बारा तारखेचा दिवस मोजायचा की नाही?

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी प्रथम वर्षाला संख्याशास्त्र शिकवतो. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती झाली, हे इथे घरोघरी विचारले जाते, आणि ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी मुलांना तोंडपाठ असते. म्हणून स्वाध्यायासाठी मी एका महिन्याचा काल्पनिक तक्ता तयार केला, रोजच्या तीन नोंदी दिल्या आणि खाली लिहिले: ‘पाणी इशारा पातळीच्या वर असलेले दिवस मोजा.’

वह्या जमा करण्याच्या आदल्या रात्री एका विद्यार्थिनीचा संदेश आला.

“सर, नमस्कार. अवेळी त्रास देत असल्यास क्षमस्व. ‘पातळीच्या वर असलेले दिवस’ हे शब्द मला दोन प्रकारे वाचता येत आहेत. दिवसातील एक जरी नोंद ३९ फुटांच्या वर असली तरी तो दिवस धरायचा, की तिन्ही नोंदींची सरासरी ३९च्या वर हवी? १२ तारखेच्या नोंदी ३८.५, ३९.२ आणि ३८.८ अशा आहेत. पहिल्या अर्थाने हा दिवस धरावा लागतो, पण सरासरी ३८.८३ येत असल्याने दुसऱ्या अर्थाने तो सुटतो. एकूण उत्तर पहिल्या अर्थाने ९ आणि दुसऱ्या अर्थाने ६ येते. आपल्याला कोणता अर्थ अभिप्रेत आहे, ते कृपया कळवावे. सकाळपर्यंत उत्तर समजले नाही, तर पहिला अर्थ धरून सोडवीन आणि वहीत तसे नमूद करीन.”

मी पुन्हा प्रश्न वाचला. आदल्या आठवड्यात दैनिक सरासरी शिकवली असल्याने माझ्या मनात ६ हेच उत्तर होते, पण ‘सरासरी’ हा शब्द प्रश्नात कुठेच नव्हता. आधीच आलेल्या अकरा वह्यांपैकी चार वह्यांत ९ हे उत्तर होते आणि ती चारही उत्तरे मी लाल शाईने चूक ठरवली होती. तिने ‘सूचना चुकली आहे’ असे कुठेही म्हटले नव्हते. माझे शब्द जसेच्या तसे देऊन दोन्ही अर्थ जिथे वेगळे होतात अशी एक तारीख दाखवली होती, त्यामुळे मला शंका समजून घेण्यासाठी उलट प्रश्न विचारावा लागला नाही.

शिवाय तिने निवडलेला अर्थच विषयाला अधिक धरून होता, हे मला मान्य करावे लागले. नदीकाठच्या माणसाला पाणी दुपारी ३९ फुटांच्या वर गेले हे कळणे गरजेचे असते. रात्री ते उतरल्याने सरासरी कमी झाली, याचा त्याला उपयोग नाही.

त्याच रात्री मी तिचे नाव न घेता सर्वांना कळवले: “दिवसातील किमान एक नोंद ३९ फुटांपेक्षा जास्त असेल, तर तो दिवस मोजावा. दैनिक सरासरी घेऊन सोडवलेले उत्तरही या वेळी ग्राह्य धरले जाईल.” तिला वेगळे लिहिले, “शंका योग्य आहे. तू धरलेला अर्थ कायम ठेव.” मग त्या चार वह्या पुन्हा काढल्या, लाल खुणा खोडल्या आणि प्रत्येकीत गुण सुधारून शेजारी सही केली.