एका पाचशेच्या चिपने उघडलेली बेटिंग

मी पोकर टूर्नामेंटमध्ये फ्लोअर म्हणून काम करतो. टेबलावर वाद झाला की डीलर हात वर करून मला बोलावतो आणि निर्णय मी द्यायचा. त्या दिवशी एकाच हातात मला दोनदा निर्णय द्यावा लागला. ऐकणाऱ्याला वाटावं की दुसऱ्याने पहिला खोडून काढला.

नो-लिमिट होल्डेम होतं, फ्लॉपची फेरी. दोन नंबरच्या सीटवरच्या गृहस्थांनी ३,००० ची बेट लावली. चार नंबरकडे एकूण ४,५०० च होते, तो ऑल-इन गेला. पाच नंबरने ४,५०० कॉल केले. आठ नंबरनेही होत्या नव्हत्या तेवढ्या चिप्स पुढे सारल्या. बाकीचे फोल्ड. खेळ पुन्हा दोन नंबरकडे आला, त्यांनी "रेज" म्हटलं आणि डीलरने त्यांना थांबवलं.

मी पोहोचलो तेव्हा डीलर सांगत होती, "सर, दोन्ही ऑल-इन शॉर्ट आहेत. यांना फक्त कॉल किंवा फोल्ड." दोन नंबरचं म्हणणं वेगळं होतं. "माझ्यासमोर तीन हजार आहेत आणि मागताहेत त्याच्या दुपटीच्या आसपास. मग ही रेज नाही तर काय?"

नियम असा आहे की त्या फेरीतली सर्वांत मोठी पूर्ण बेट किंवा रेज जेवढी, निदान तेवढी तरी पुढची रेज हवी. इथे ती बेट ३,००० ची, म्हणजे पूर्ण रेज ६,००० पासून पुढे. चार नंबरने फक्त १,५०० वाढवले होते, ते अपुरे. ऑल-इन असल्यामुळे चालतात, पण एकदा खेळून झालेल्याला त्यामुळे पुन्हा रेज करता येत नाही. मात्र असे दोन-तीन अपुरे ऑल-इन मिळून पूर्ण रेजएवढी रक्कम झाली, तर ती धरायची. डीलरने दोन्ही ऑल-इन वेगवेगळे मोजले, तिथे तिची चूक झाली. ही चूक नव्या डीलरकडून हमखास होते, कारण "शॉर्ट ऑल-इनने बेटिंग उघडत नाही" एवढंच वाक्य डोक्यात बसलेलं असतं.

मी विचारलं, "आठ नंबरचे किती?"

"पाच हजार सातशे."

५,७०० म्हणजे दोन नंबरसाठी वाढ २,७०० ची. पूर्ण रेजला तीनशे कमी. मग डीलरचं कारण चुकीचं असलं तरी उत्तर बरोबर ठरत होतं. पण तिने गड्डी नुसती नजरेने मोजली होती. मी चिप्स टेबलावर पसरून मोजायला सांगितल्या. हजाराच्या पाच, शंभराच्या दोन आणि पाचशेची एक. ती एक जरा जाड दिसली. तिने अंगठ्याने सरकवली तर एकाला एक चिकटलेल्या दोन निघाल्या. एकूण ६,२००. वाढ ३,२०० ची.

"बेटिंग उघडली आहे, तुम्ही रेज करू शकता," मी दोन नंबरना म्हटलं. "कमीत कमी ९,२००." म्हणजे ६,२०० वर आणखी ३,०००. त्यांना आकडा न सांगता नुसतं "रेज" म्हणताना थांबवलं होतं आणि त्यानंतर रक्कमच बदलली होती, म्हणून ते शब्द मी त्यांच्यावर बंधनकारक धरले नाहीत. त्यांनी बराच विचार केला आणि नुसता कॉल केला.

मी वळणार तोच पाच नंबरने सगळ्या चिप्स पुढे केल्या. "ऑल-इन!"

मी म्हटलं, "तुम्हाला रेज करता येणार नाही. हा कॉल धरला जाईल."

तो चिडला, आणि त्याचं चिडणं मला समजत होतं. "आत्ताच तुम्ही म्हणालात ना, बेटिंग उघडली?"

उघडली होती, पण दोन नंबरसाठी. बेटिंग अख्ख्या टेबलासाठी एकदम उघडत नाही, प्रत्येक खेळाडूचा हिशेब वेगळा. मी त्याच्यासमोरच्या ४,५०० वर बोट ठेवलं. "तुम्ही इतके भरलेत. आता मागताहेत ६,२००. फरक १,७००, आणि पूर्ण रेज ३,००० ची. दोन नंबरनी रेज केली असती तर तुमचाही रस्ता मोकळा झाला असता. त्यांनी नाही केली."

नियमामागचं कारण मला पटतं. ४,५०० वर रेज करायची संधी त्याला होती, त्याने कॉल निवडला. मागाहून कुणी उरल्यासुरल्या चिप्स टाकल्या म्हणून ती संधी त्याला परत मिळू नये. लिमिट पोकरमध्ये मात्र रेजच्या निम्मी रक्कमही बेटिंग उघडायला पुरते, तिकडून आलेल्यांचा इथे गोंधळ होतो.

त्याने १,७०० भरले. टर्न उघडला, दोन नंबरनी चेक केलं. नवी फेरी, मागचं काही लागू नाही. पाच नंबरने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग त्याने त्याच चिप्स पुन्हा पुढे सारल्या.