ओळखीचा शब्द

माझी एक मैत्रीण विज्ञानाची पाठ्यपुस्तकं मराठीतून हिंदीत आणते. गेल्या महिन्यात तिच्याकडे पुढच्या इयत्तेचं पुस्तक आलं. परिभाषा जुळावी म्हणून तिने आपलंच आधीचं छापील पुस्तक उघडलं आणि आम्लांच्या धड्यात तिला हे वाक्य दिसलं: ‘इस क्षार का विलयन लिटमस का रंग नहीं बदलता।’ चार पानं मागे तिनेच लिहिलं होतं, ‘क्षार लाल लिटमस को नीला कर देता है।’

एकाच पुस्तकात, एकाच धड्यात, क्षार लिटमस निळा करतोही आणि करतही नाही!

घोळ असा होता. मराठी शाळेत आपण शिकतो : आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी. म्हणजे आपल्याकडे NaCl हा क्षार. नळाच्या पाण्यातले, बादलीच्या कडेवर पांढरे थर धरणारे, तेही क्षारच. हिंदीत मात्र आम्लारीला ‘क्षारक’ म्हणतात, पाण्यात विरघळणाऱ्या क्षारकाला ‘क्षार’, आणि आपल्या क्षाराला ‘लवण’. मराठीतला ‘अल्क’ तो हिंदीतला ‘क्षार’. शब्द तोच, पण पदार्थ समीकरणाच्या पार दुसऱ्या बाजूचा. मैत्रिणीच्या पुस्तकात छापून गेलं होतं ‘अम्ल + क्षारक → क्षार + जल’. हिंदी मुलाच्या दृष्टीने, आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड ओतलं आणि परत तसंच काहीतरी हाती आलं.

गंमत म्हणजे ‘आम्लारी’ तिने बरोबर उतरवला होता. तो तिला हिंदीत माहीत नव्हता, म्हणून तिने शब्दावली आयोगाचा कोश काढून बघितला. ‘क्षार’साठी कोण कोश काढतं? तो तर आपला ओळखीचा. (तिच्या कोशाची सगळ्यात मळलेली पानं अवघड शब्दांची आहेत. सोप्या शब्दांची पानं अजून कोरी करकरीत.)

मुद्रितशोधकाच्याही हातून तो सुटला, आणि त्यात त्याचा दोष नाही. तो ऱ्हस्व-दीर्घ बघतो, गळलेला अनुस्वार बघतो. ‘क्षार’ शुद्धलेखनात निर्दोष आहे. विषयतज्ज्ञ मराठी माध्यमातून आलेले, त्यांना ते वाक्य मराठीच्या कानाने बरोबरच ऐकू आलं असणार. अशी चूक फक्त धडा सलग वाचणाऱ्याला सापडते, आणि धडा सलग वाचतात ती मुलं. स्वाध्यायात प्रश्न होता, ‘निम्नलिखित में से क्षार कौन-सा है?’ पर्यायांत NaCl होतं आणि NaOH पण. उत्तरसूचीत NaCl. म्हणजे ज्या मुलाने व्याख्या नीट वाचून NaOH लिहिलं असेल, त्याचा गुण गेला असणार. मैत्रिणीला सगळ्यात जास्त हेच लागलं. ती म्हणाली, ‘‘अगं, हुशार पोराचाच मार्क कापला मी.’’

मग तिने पुस्तकाच्या पीडीएफमध्ये ‘क्षार’ शोधायला घेतला. एकही सापडला नाही, कारण पान जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये लावलेलं. डोळ्यांना क्षार दिसतो, पण आत साठवलेली अक्षरं भलतीच. शेवटी छापील प्रत आणि पेन्सिल. शिवाय सगळे ‘क्षार’ सरसकट बदलायचेही नव्हते. काही जागी तो अल्काच्या अर्थाने चोख होता, ‘क्षारीय विलयन’ही बरोबर. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचं, इथे कुठला पदार्थ आहे? आकृतीतल्या चंचुपात्राखालचं नाव तर तिला दुसऱ्या वाचनात दिसलं. ते मजकुराचा भाग नव्हतंच, चित्रातच होतं.

तिने दुरुस्त्यांचा तक्ता केला : पान, ओळ, छापलेलं, हवं असलेलं. संपादकांना पाठवला. त्यांचा फोन आला, ‘‘मॅडम, क्षार बरोबरच आहे की. मीठ म्हणजे क्षारच ना?’’ तेही मराठीच. तिने त्यांना लिटमसची दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचायला लावली. पलीकडे जरा वेळ शांतता, मग ‘‘अरेच्चा!’’

शाळांना शुद्धिपत्र पाठवायचं आणि पुनर्मुद्रणात पानं दुरुस्त करायची, असं ठरलं. मैत्रिणीने एकच अट घातली, बदललेली पानं छापायच्या आधी मला दाखवा. पानं आली. समीकरण नीट झालं होतं, स्वाध्याय नीट, चंचुपात्राखाली ‘लवण’. फक्त अक्षरजुळणी करणाऱ्याने तक्ता बाजूला ठेवून एका पानावर सगळे ‘क्षार’ एका झटक्यात बदलले होते, आणि तिथे सोडियम हायड्रॉक्साइड हा एक प्रबल ‘लवणक’ झाला होता.