विक्स 10 वर, पण जून महागच: एका कॅलेंडर सौद्याचा माझा अनुभव

23 एप्रिल 2024 ला इंडिया विक्स एका दिवसात जवळपास 20 टक्के कोसळून 10.2 च्या आसपास बंद झाला. लोकसभेचं मतदान सुरू होतं, निकाल 4 जूनला लागणार होता, आणि बाजाराची भीती मोजणारा आकडा तळाला. आमच्या ओळखीतले एक काका कित्येक वर्षं ऑप्शन करतात. त्यांचा संध्याकाळी फोन आला: "अरे, विक्स दहावर आलाय. निवडणुकीच्या तोंडावर एवढे स्वस्त ऑप्शन परत मिळायचे नाहीत. जूनचे उचल."

मी लगेच काही उचललं नाही, कारण 2023 चा उन्हाळा आणि पावसाळा माझ्या लक्षात होता. तेव्हाही विक्स 10-11 च्या घरात होता, आणि आता वर जाईल, मग जाईल असं म्हणत कित्येक महिने तिथेच रेंगाळला. आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेली वर्षभराची हालचाल, 10 असली तर तिला 16 ने, वर्षातल्या व्यवहाराच्या दिवसांच्या साधारण वर्गमुळाने, भागायचं, म्हणजे बाजाराला दिवसाला साधारण 0.63 टक्का हलायला हवं. सरासरीने तेवढा हलला नाही तर विकत घेणाऱ्याचं प्रीमियम थीटा, म्हणजे रोज सरणारा वेळ, खातो. त्या काळात निफ्टी रोज चालत होता, पण मुंगीच्या पावलांनी. आयव्ही इतिहासात कमी आहे म्हणून ऑप्शन स्वस्त ठरत नाही. पुढे बाजार त्याहून जास्त हलला, तरच तो स्वस्त होता असं म्हणता येतं.

पण एप्रिलमध्ये निकालाची तारीख ठरलेली होती. त्यामुळे मी ऑप्शन चेन उघडून प्रत्येक एक्स्पायरीची अ‍ॅट-द-मनी आयव्ही वेगवेगळी लिहून काढली. त्या दिवशीचे नेमके भाव न देता, पद्धत कळावी म्हणून इथे गोल आकडे घेतो: 30 मेच्या एक्स्पायरीची आयव्ही 11.5, आणि 27 जूनची 14. निफ्टी 22,400 च्या जवळ. आता विक्स 10 दिसत असताना चेनमध्ये 10 ची आयव्ही कुठेच नव्हती. मेमध्ये नाही, जूनमध्ये तर नाहीच.

ह्याचं कारण विक्सच्या हिशेबात आहे. इंडिया विक्स पुढच्या 30 दिवसांचा अंदाज दोन मासिक एक्स्पायरींच्या भावांवरून काढतो, आणि चालू महिन्याची एक्स्पायरी तीन दिवसांवर आली की ती सोडून पुढच्या दोन महिन्यांवर सरकतो. एप्रिलची एक्स्पायरी 25 तारखेला होती, म्हणजे 23 ला हिशेबात मे आणि जून होते. मे 37 दिवस दूर, जून 65 दिवस. पण आकडा हवाय 30 दिवसांचा, जो दोन्हींच्या अलीकडे पडतो. म्हणून दोन बिंदूंमधून जाणारी रेघ मागे ओढावी लागते.

वेगवेगळ्या मुदतींच्या आयव्हीची थेट बेरीज-वजाबाकी होत नाही. आयव्हीचा वर्ग करून त्याला दिवसांनी गुणायचं, मग होते. मेसाठी 11.5 चा वर्ग गुणिले 37, म्हणजे सुमारे 4,893. जूनसाठी 14 चा वर्ग गुणिले 65, म्हणजे 12,740. मधल्या 28 दिवसांत 7,847 वाढले, दिवसाला 280. आता मेच्या बिंदूपासून सात दिवस मागे या: 4,893 मधून 1,960 वजा करा, 2,933 उरतात. त्यांना 30 ने भागून वर्गमूळ काढलं की 9.9 येतो.

मी वहीवर हा आकडा पाहिला तेव्हा थांबून पुन्हा गुणाकार तपासला. जून महाग होता म्हणूनच विक्स कमी दिसत होता. जून जितका महाग, तितकी रेघ तिरपी, आणि मागे ओढल्यावर 30 दिवसांचा आकडा तितका खाली. काका ज्या आकड्याकडे बोट दाखवून "जून उचल" म्हणत होते, तो आकडा जूनच्याच महागाईने खाली ओढला होता.

त्याच कागदावर दुसरा, जास्त उपयोगाचा प्रश्न सुटला. 30 मे ते 27 जून ह्या 28 दिवसांसाठी बाजार किती व्होलॅटिलिटी धरतोय? 7,847 भागिले 28, त्याचं वर्गमूळ 16.7. जूनचा ऑप्शन घेऊन मेचा विकला, म्हणजे कॅलेंडर केलं, तर माझ्या हाती हीच 16.7 ची मुदत येते. स्वस्त म्हणायचं की नाही, ते ह्या आकड्यावर ठरवायला हवं. 10 वर नाही आणि 14 वरही नाही.

मग मी निकालाचा दिवस वेगळा काढून पाहिला. 28 पैकी 27 दिवस साधे, 11 च्या आयव्हीचे धरले तर त्यांचे 3,267 होतात. उरलेले 4,580 एकट्या निकालाच्या वाट्याला. त्याचं वर्गमूळ सुमारे 67.7, ते वर्षाच्या 365 दिवसांच्या वर्गमुळाने, म्हणजे 19.1 ने भागलं की 3.5 टक्के. म्हणजे बाजार निकालासाठी साधारण साडेतीन टक्क्यांच्या हालचालीचे पैसे मागत होता. एक्झिट पोल आणि निकाल मिळून निफ्टी त्याहून जास्त हलू शकतो, असं माझं मत होतं. ते मत होतं, खात्री नव्हे, म्हणून लॉट कमी ठेवले.

नुसता जूनचा स्ट्रॅडल, म्हणजे एकाच स्ट्राइकचे कॉल आणि पुट दोन्ही, घ्यायचा की कॅलेंडर करायचा, हे ठरवायला फार वेळ लागला नाही. 22,500 च्या स्ट्राइकचा जून स्ट्रॅडल ढोबळमानाने 1,060 पॉइंटांना, आणि मेचा 655 ला. नुसता जून घेतला तर निकालापर्यंतच्या सगळ्या शांत दिवसांचं भाडं मी भरणार. मेचा विकला तर ते भाडं मेच्या प्रीमियममधून निघतं आणि माझी गुंतवणूक 405 वर येते. ह्यात मेची एक्स्पायरी निकालाच्या अलीकडे आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं. विकलेला पाय निकाल ओलांडत नाही, विकत घेतलेला ओलांडतो.

डिसेंबरचे ऑप्शनही पाहिले. लांब मुदतीच्या ऑप्शनला व्हेगा, म्हणजे आयव्ही एका पॉइंटने हलली की भावात पडणारा फरक, जास्त असतो. डिसेंबरच्या अ‍ॅट-द-मनी ऑप्शनचा व्हेगा जूनच्या जवळपास दुप्पट भरत होता. कागदावर हे मोहात पाडतं. पण जवळची आयव्ही दहा पॉइंट उसळते तेव्हा आठ महिन्यांपुढची कशीबशी दोन-तीन हलते, कारण निकालाचा एक दिवस एवढ्या दिवसांत विरघळतो. शिवाय तिथे बिड आणि आस्कमधलं अंतर असं, की आत शिरताना आणि बाहेर पडतानाच अर्धा फायदा द्यावा लागेल. निफ्टीत लांबच्या मुदतीत 500 च्या पटीतल्या स्ट्राइकला बरी खरेदी-विक्री असते, बाकी ठिकाणी चेन ओस पडलेली. मी 22,500 निवडला त्यामागेही हेच होतं.

मेमध्ये कॅलेंडरने नको तेवढं नाचवलं. ह्या सौद्याला बाजार स्ट्राइकपाशी हवा असतो. दोन्ही बाजूंना लांब गेला की मे आणि जून दोन्हींत अंगभूत किंमत सारखीच भरते आणि दोघांतला फरक आकसतो. 9 मेला निफ्टी 21,957 वर आला, 24 ला 22,957 वर. दोन्ही वेळा पोझिशन तोट्यात जायला हवी होती. मला वाचवलं ते जूनच्या आयव्हीने: निकाल जवळ येत गेला तशी ती चढत गेली, आणि विक्सही 20 च्या वर गेला. विकलेल्या मेची मुदत संपत आल्यामुळे त्याचा व्हेगा उरला नव्हता, जूनचा होता. व्होलॅटिलिटी वाढली नसती, तर त्या दोन टोकांपैकी एका ठिकाणी मी नक्की बाहेर पडलो असतो.

30 मेला निफ्टी 22,488 वर बंद झाला. स्ट्राइकपासून फक्त बारा पॉइंट. हा निव्वळ योग, त्यात माझं काही कौशल्य नाही. मेचा स्ट्रॅडल जवळपास शून्यावर मेला. जूनची आयव्ही 20 धरली तर त्याचा स्ट्रॅडल 1,000 च्या आसपास. 405 चे झाले साधारण 985.

इथून पुढे माझ्याकडे कॅलेंडर उरलं नव्हतं. उरला होता नुसता स्ट्रॅडल, आणि तोही 16.7 ला नव्हे तर 20 ला. नव्याने विचारलं, आज मी हा ह्या भावाला घेतला असता का? निम्मा घेतला असता, असं उत्तर आलं. म्हणून निम्मा विकला.

1 जूनच्या संध्याकाळी एक्झिट पोल आले, 3 जूनला निफ्टी सव्वातीन टक्के वर गेला. 4 जूनला दिवसात 21,281 पर्यंत घसरून 21,884 वर बंद झाला, सुमारे 5.9 टक्के खाली, आणि विक्सने 31 ओलांडला. उरलेला निम्मा मी त्या दुपारी विकला. हिशेबाने बंद भावाला तो 1,240 च्या आसपास बसतो. दुसऱ्या दिवशी निफ्टी 22,620 वर परतला, विक्स 19 च्या खाली आला, आणि तोच स्ट्रॅडल सुमारे 700 वर. काकांनी नुसते जूनचे कॉल घेतले होते आणि 3 जूनला धरून ठेवले होते. त्यावर आम्ही फारसं बोललो नाही.

आज हाच सौदा करायचा तर एक बदल ध्यानात ठेवावा लागतो. सेबीच्या नियमानुसार फेब्रुवारी 2025 पासून एक्स्पायरीच्या दिवशी त्या दिवशी संपणाऱ्या पायाला कॅलेंडर स्प्रेडची मार्जिन सवलत मिळत नाही. शेवटच्या दिवशी विकलेल्या पायासाठी पूर्ण मार्जिन लागतं, त्यामुळे ती रक्कम आधीपासून खात्यात ठेवावी लागते. मी हल्ली जवळचा पाय आदल्या दिवशीच परत घेतो. शेवटच्या दिवसाचं थोडं प्रीमियम सुटतं, पण मार्जिन कमी पडून ब्रोकरने नको त्या भावाला पोझिशन कापण्याची वेळ येत नाही.