भुऱ्याची प्रथमोपचार पेटी

आमचा बोका भुऱ्या घरी आला तेव्हाच ठरवलं होतं, की त्याची औषधाची पेटी वेगळी असायला हवी. आमच्या घरच्या डब्यातलं काय चालेल आणि काय नाही, हे नक्की करायला मी तो अख्खा डबाच पन्नीत घालून डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेले. लसीकरणाची तारीख होतीच. मॅडमनी डबा टेबलावर उपडा केला आणि सर्वांत आधी काय बाहेर ठेवायचं ते सांगितलं.

पहिली बाजूला गेली ती पॅरासिटामॉलची पट्टी. आपल्या लिव्हरमध्ये हे औषध निकामी करून बाहेर टाकायची जी सोय असते, ती मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नसतेच. त्यामुळे औषधाचं विष होतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते. हिरड्या गुलाबीच्या तपकिरी किंवा निळसर दिसायला लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास जोरात चालतो. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. चुकून गोळी पोटात गेलीच तर लक्षणं दिसायची वाट न पाहता लगेच निघायचं, आणि घरी उलटी करवायला जायचं नाही. "ताई, माणसाची दुखण्याची कुठलीच गोळी याला नाही. ब्रुफेन नाही, डायक्लोफिनॅकही नाही," मॅडम म्हणाल्या.

दुसरी बाजूला गेली डेटॉलची बाटली. पाण्यात टाकल्यावर दुधी होणारी जंतुनाशकं आणि घरातलं काळं फिनाईल, दोन्ही मांजराला घातक. कातडीला त्रास होतो तो वेगळाच, पण मांजर अंग चाटतं आणि लावलेलं सगळं पोटात जातं. कापसाचा गुंडाळाही परत घरच्या डब्यात गेला, कारण त्याचे तंतू जखमेत अडकून बसतात.

मग मेडिकलमधून आणलेलं सामान असं. नॉर्मल सलाइन, पण अर्ध्या लिटरची नाही, 100 मिलीच्या दोन-तीन बाटल्या. एकदा उघडलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवता येत नाही. सुईशिवायची 10 मिलीची सिरिंज. स्टराइल गॉजची पाकिटं, जखमेला न चिकटणारे ड्रेसिंग पॅड आणि स्वतःलाच चिकटणारी बँडेजपट्टी. केसांना चिकटपट्टी लावली की काढताना मांजराचा जीव जातो, म्हणून ही पट्टी. पोव्हिडोन आयोडीनचं सोल्युशन. "स्क्रब" लिहिलेली बाटली नाही, त्यात साबण असतो. सोल्युशनही तसंच न लावता पाण्यात घालून पातळ कोऱ्या चहाच्या रंगाचं करायचं. बोथट टोकाची कात्री, चिमटा, डिजिटल थर्मामीटर, व्हॅसलीनची छोटी डबी, गळ्यात घालायची कॉलर. आणि एक जाड जुना टॉवेल.

हा टॉवेल पेटीतली सर्वांत उपयोगी वस्तू आहे, हे मला संक्रांतीला कळलं.

आपल्या नागपुरात जानेवारीत पतंगांचं काय असतं ते सांगायला नको. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो सांदवाडीत, तारांवर, झाडांवर लटकत राहतोच. भुऱ्या मागच्या भिंतीवरून उतरला आणि फरशीवर लाल ठसे उमटत गेले. पुढच्या उजव्या पंजाची गादी कापली होती.

दुखणारं मांजर आपल्या माणसालाही चावतं, म्हणून आईने त्याला मानेपासून टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून मांडीवर धरलं. फक्त तो एक पाय बाहेर. मी गॉजची घडी जखमेवर दाबली आणि मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावला. या पाच मिनिटांत गॉज उचलून पाहायचं नाही. रक्ताची गुठळी धरत असते, आपण उचललं की ती सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. आई दोनदा म्हणाली, "बघ ना, थांबलं का." पहिलं गॉज भिजलं तेव्हा ते न काढता त्यावरच दुसरं ठेवलं. रक्त चिळकांडीसारखं उडत असतं, किंवा दहा मिनिटं दाबूनही थांबलं नसतं, तर पुढचं काही न करता दाबलेल्या हातानेच रिक्षात बसायचं होतं.

थांबलं. मग सिरिंजने सलाइनची धार जखमेवर सोडली, वरची माती वाहून जाईपर्यंत. आयोडीन मी लावलं नाही. जखम खोल दिसत होती आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचंच होतं. न चिकटणारं पॅड, वर गॉज, मग पट्टी बोटांकडून वर. ही पट्टी ताणून गुंडाळली की नंतर आवळत जाते, म्हणून आधी रोलमधून थोडी सैल उलगडून घ्यायची. मधल्या दोन बोटांची नखं उघडी ठेवली. ती एकमेकांपासून फाकायला लागली, की पंजा सुजतोय, पट्टी लगेच सैल करायची.

मॅडमनी टाके घातले. गादीवर अंगाचा भार येतो, प्रत्येक पावलाला जखम उघडते, म्हणून ती नुसती बांधून सहसा भरत नाही. टाके सुकेपर्यंत कॉलर गळ्यात राहिली.

मांजाचीच आणखी एक गोष्ट मॅडमनी तेव्हा सांगितली. मांजराच्या तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. त्याचं दुसरं टोक आत अडकलेलं असलं, तर ओढताना दोरा आतडं कापतो. कापायचाही नाही, तसंच घेऊन जायचं. पेटीतला चिमटा केसात अडकलेला काटा किंवा गोचीड काढायला आहे, या दोऱ्यासाठी नाही.

थर्मामीटरचा उपयोग उन्हाळ्यात. मांजराचं नेहमीचं तापमान 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्या हिशेबाने तो ताप वाटतो, म्हणून हे आकडे मी झाकणाच्या आतून चिकटवले आहेत. टोकाला व्हॅसलीन लावून शेपटीखाली जेमतेम दोन सेंटिमीटर आत. मांजर फार झटत असेल तर सोडून द्यायचं. मे महिन्यात वीज गेली, कूलर बंद पडला आणि मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं, तर आकड्याचीही वाट पाहायची नाही. कुत्र्याचं धापा टाकणं वेगळं, मांजराचं वेगळं. अंग साध्या पाण्याने ओलं करायचं, पंखा लावायचा आणि निघायचं. बर्फ नाही, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. आकडा 103 वर उतरला की ओलं करणं थांबवायचं, नाहीतर तो खाली घसरतच जातो.

झाकणावर आणखी तीन ओळी आहेत. भुऱ्याचं वजन, कारण फोनवर डॉक्टर पहिलं तेच विचारतात. मॅडमचा नंबर, आणि त्या नसल्या तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याची वेळ. तिसरी ओळ आमच्यासाठी: मांजर चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जायचं. सलाइन आणि आयोडीनच्या तारखा मी होळीच्या सुमारास, उन्हाळा लागायच्या आधी तपासते.